अचेबेशी अर्धं सहमत होताना: एका निबंधाचे तीन ड्राफ्ट

एमए इंग्लिशच्या मुलांचे निबंध तपासताना मला सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते एकाच जागी, जिथे मुलं समीक्षकाला निबंधात आणतात. आणतात म्हणजे काय करतात, तर त्याचं एक वाक्य कोट करतात, खाली नाव टाकतात आणि पुढे निघून जातात. सहमत आहेत का, अर्धे सहमत आहेत का, की त्यांना ते पटलेलंच नाही, काहीच कळत नाही. त्यामुळे एका मुलीचा एक निबंध, त्याचे तीन ड्राफ्ट आणि मधे झालेली आमची बोलणी असं सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. निबंध मुळात इंग्रजीत होता, इथे मी मराठीत सांगते.

मुलगी धुळ्याकडची, घरी अहिराणी बोलणारी, शिकायला शहरात आलेली. विषय तिनेच निवडला होता, जोसेफ कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' आणि तिच्यावर नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेने केलेली टीका. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही छोटी कादंबरी आधी 1899 मध्ये 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मध्ये तीन भागांत आली आणि 1902 मध्ये पुस्तकात छापली गेली. मार्लो नावाचा खलाशी टेम्स नदीत थांबलेल्या बोटीवर मित्रांना आपली गोष्ट सांगतो, आफ्रिकेतल्या एका मोठ्या नदीवरून आत आत जाऊन कर्ट्झ नावाच्या हस्तिदंताच्या एजंटाला आणायला गेल्याची. नदीचं नाव पुस्तकात नाही पण ती काँगो आहे हे सगळ्यांनाच माहितीये, कॉनरॅड स्वतः 1890 मध्ये तिथे जाऊन आला होता. आणि ही गोष्ट आपल्याला थेट मार्लोकडून मिळत नाही, बोटीवर ऐकत बसलेला एक बिननावाचा माणूस ती आपल्याला सांगतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अचेबेने फेब्रुवारी 1975 मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीत, या कादंबरीवर व्याख्यान दिलं आणि 1977 मध्ये ते 'द मॅसॅच्युसेट्स रिव्ह्यू'त 'अॅन इमेज ऑफ आफ्रिका' या नावाने छापून आलं. त्याचं म्हणणं सरळ आहे. ही कादंबरी आफ्रिकेला युरोपच्या उलट टोकाची जागा करून टाकते, तिथल्या माणसांना माणूस म्हणून उभंच करत नाही, एका युरोपियन माणसाचं मन कसं ढासळतं याचा मागचा पडदा म्हणून अख्खा खंड वापरते. आणि कॉनरॅड रेसिस्ट होता असं तो सरळ म्हणतो.

आता पहिला ड्राफ्ट. पहिल्या पॅराग्राफमध्ये अचेबे काय म्हणतो, दुसऱ्यात सेड्रिक वॉट्सने 1983 मध्ये कॉनरॅडची बाजू घेऊन अचेबेला काय उत्तर दिलं, तिसऱ्यात एडवर्ड सईदने 1993 च्या 'कल्चर अँड इम्पिरियलिझम'मध्ये काय म्हटलं, आणि शेवटी 'अशा प्रकारे या कादंबरीबद्दल विद्वानांमध्ये मतभेद आहेत'. वाचन झालेलं होतं, कष्ट दिसत होते, एक जागा सोडली तर एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण मी तिला पेन्सिल दिली आणि म्हटलं, यातली जी वाक्यं फक्त तूच लिहू शकली असतीस त्यांच्याखाली रेघ मार. ती बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "मॅडम, एकही नाही."

या ड्राफ्टमध्ये आणखी एक चूक होती जी मला लगेच दिसली आणि तिला अजिबात दिसली नव्हती. तिने अचेबेचं ते गाजलेलं वाक्य 'थरोगोइंग रेसिस्ट' असं कोट केलं होतं आणि साल टाकलं होतं 1977. पण 1977 च्या छापील लेखात शब्द आहे 'ब्लडी रेसिस्ट'. 'थरोगोइंग' हा बदल अचेबेने नंतर केला, 1988 मध्ये लेख पुन्हा छापला गेला तेव्हा, आणि आज बहुतेक मुलांच्या हातात हीच सुधारलेली आवृत्ती पडते. तुम्ही म्हणाल एका शब्दाने काय होतं. होतं असं की वॉट्सच्या 1983 च्या लेखाच्या शीर्षकातच 'अ ब्लडी रेसिस्ट' हे शब्द अवतरणात आहेत. तिच्या निबंधात अचेबे म्हणतो 'थरोगोइंग' आणि त्याला उत्तर देणारा वॉट्स शीर्षकातच 'ब्लडी' म्हणतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार की वॉट्सने अचेबेच्या तोंडी शिवी घातली! एखाद्याशी वाद घालायचा तर तो त्या दिवशी नक्की काय बोलला हे आधी तपासायला हवं, कुठल्या सालची कुठली आवृत्ती आपल्या हातात आहे ते. तिने दोन्ही मिळवल्या आणि बदल झाल्याचं निबंधात अर्ध्या वाक्यात नोंदवलं, तेवढं पुरे होतं.

दुसरा ड्राफ्ट दोन आठवड्यांनी आला आणि आता ती एकदम दुसऱ्या टोकाला गेली होती. रेघ मारण्यासारखी वाक्यं हवीत ना, मग घ्या, 'अचेबेचं म्हणणं चूक आहे, कारण आफ्रिकन लोकांबद्दलची ती भाषा मार्लोची आहे, कॉनरॅडची नाही, आणि अचेबे निवेदक आणि लेखक यांच्यात गल्लत करतो'. वर अचेबे स्वतः आफ्रिकन असल्यामुळे भावनेच्या भरात लिहितो असंही एक वाक्य होतं. ते दुसरं वाक्य मी तिथल्या तिथे काढायला लावलं. माणूस कुठला आहे आणि रागात आहे की नाही याने त्याचं म्हणणं खरं किंवा खोटं ठरत नाही, आणि हेच आपल्याकडच्या दलित लेखकांबद्दल किती वेळा म्हटलं गेलंय ते तिला सांगितल्यावर ती गप्पच झाली.

पण निवेदक आणि लेखक यांच्यातल्या फरकाचा मुद्दा? तो वर्गात शिकवलेला मुद्दा आहे, बरोबरही आहे, आणि तरी इथे निकामी आहे. का, तर अचेबेने तो स्वतःच आधी मांडलाय. लेखाच्या मध्यावर तो म्हणतो की कुणी म्हणेल ही वृत्ती कॉनरॅडची नाही, मार्लोची आहे, आणि कॉनरॅड कदाचित तिच्यावर टीकाच करत असेल. मग तो मान्य करतो की कॉनरॅडने आपल्या आणि गोष्टीच्या मधे निवेदकामागे निवेदक अशा भिंती उभ्या केल्यात. आणि मग उत्तर देतो, की या पात्रांची मतं ज्यावर तोलून बघता येतील अशी दुसरी कुठलीही चौकट कॉनरॅड पुरवत नाही, अगदी हलक्या सूचनेनेही नाही, त्यामुळे या भिंतींचा उपयोग शून्य. त्याच्या मते मार्लोवर कॉनरॅडचा पुरता भरवसा आहे.

म्हणजे तिने जो आक्षेप शोध लावल्यासारखा मांडला होता त्याचं उत्तर छापून अनेक वर्षं झाली होती. मी तिला म्हटलं, "अगं, तू त्याच्या दारावर जी थाप मारतेस ती त्याने आधीच ऐकलीये आणि दार उघडून उत्तर पण दिलंय, तू आता त्या उत्तराला उत्तर दे." समीक्षकाशी वाद घालताना ही चूक सगळ्यात जास्त होते. ती का होते तेही सांगते, मुलं समीक्षकाचा लेख पूर्ण वाचतच नाहीत, गाइडमधला सारांश नाहीतर दुसऱ्याच्या लेखातलं कोट वाचतात, आणि सारांशात नेमकं हेच गळतं, की त्याने स्वतःवरचे कुठले आक्षेप आधीच घेऊन ठेवलेत. ओळखायचं कसं? तुमचा आक्षेप जर पहिल्या वाचनातच सुचला असेल तर तो समीक्षकालाही सुचला असणारच, मग आधी लेखात शोधा त्याने त्याचं काय केलं.

मग आम्ही एक दुपार बसून फक्त अचेबेचं आर्ग्युमेंट कागदावर उतरवलं, आमच्या शब्दांत, आणि अट अशी की अचेबेने वाचलं असतं तर म्हणाला असता, हो, हेच म्हणतोय मी. हे खूप अवघड जातं कारण हात आपोआप त्याचं म्हणणं थोडं बावळट करून लिहितो, म्हणजे नंतर खोडायला सोपं. तिने पहिल्यांदा लिहिलं, 'अचेबेच्या मते कादंबरीत आफ्रिकन पात्रं बोलत नाहीत'. मी म्हटलं नाही, तो असं म्हणत नाही, परत वाच.

तो काय म्हणतो ते असं. त्या लोकांना भाषा देणं हा कॉनरॅडचा हेतूच नव्हता. बोलण्याच्या जागी ते 'व्हायलंट बॅबल ऑफ अनकूथ साउंड्स' करतात, म्हणजे ओबडधोबड आवाजांचा जोरदार कलकलाट. आपापसातसुद्धा ते 'शॉर्ट ग्रंटिंग फ्रेझेस' टाकतात, घशातल्या घशात हुंकारल्यासारखे तुकडे. फक्त दोन वेळा कॉनरॅड त्यांना बोलू देतो आणि तेही इंग्रजीत. एकदा नरभक्षक खलाशांचा म्होरक्या किनाऱ्यावरच्या लोकांना पकडून द्या, आम्ही त्यांना खाऊ असं म्हणतो तेव्हा, आणि एकदा मॅनेजरचा नोकर दारातून डोकं घालून 'मिस्टाह कर्ट्झ, ही डेड' म्हणतो तेव्हा. आणि अचेबेच्या मते या दोन जागा म्हणजे काही औदार्य नाही, पहिलीत तर त्यांच्या रानटीपणाचा कबुलीजबाब त्यांच्याच तोंडून काढून घेतलाय.

कागदावर हे आल्यावर तीन गोष्टी वेगळ्या करता आल्या. एक, पुरावा, म्हणजे ती दोन कोटं आणि त्या दोन जागा. दोन, पुराव्यावरून काढलेलं अनुमान, की पुस्तक आफ्रिकन माणसाला भाषा नाकारतं. तीन, त्यावर उभा असलेला मोठा निष्कर्ष, माणूसपण नाकारल्याचा. सहमत, अर्धं सहमत की असहमत हे 'अचेबे' या अख्ख्या माणसाबद्दल ठरवायचं नसतं, यातल्या एकेका पायरीबद्दल ठरवायचं असतं, आणि असं केल्याबरोबर तिचा चेहरा बदललेला मला दिसला, कारण आतापर्यंत तिला वाटत होतं की एक बाजू निवडावी लागणार, अचेबेची नाहीतर कॉनरॅडची.

पुढचं काम साधं आणि कंटाळवाणं होतं आणि निबंध तिथेच घडला. अचेबेने कादंबरीतून जे जे तुकडे उचललेत ते एकेक करून कादंबरीत शोधायचे आणि त्यांच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचायचं. समीक्षक खोटं कोट करतो म्हणून नाही, तर कोट करणं म्हणजे कुठेतरी कापणं, आणि कुठे कापलं यावर पुष्कळ काही ठरतं.

पहिला तुकडा, तो कलकलाट. पहिल्या भागात मार्लो कंपनीच्या ठाण्यावर अकाउंटंटच्या लाकडी खोपटात बसलाय, बाहेर एक तांडा येतो आणि फळ्यांच्या पलीकडून हा कलकलाट उसळतो. आणि लगेच पुढचं वाक्य सांगतं की सगळे हमाल एकदम बोलत होते. बोलत होते, कॉनरॅडचा शब्द 'स्पीकिंग' आहे. त्याच वाक्यात पुढे त्या गोंधळात मुख्य एजंटचा, म्हणजे गोऱ्या माणसाचा, रडवेला आवाज ऐकू येतो, दिवसातून विसाव्यांदा 'हात टेकले बाबा' म्हणणारा.

दुसरा तुकडा आणखी बोलका निघाला. दुसऱ्या भागात बोट धुक्यात अडकलीये, किनाऱ्यावरून एक किंकाळी आलीये, गोरे लोक पार हादरलेत, आणि काळ्या खलाशांचे चेहरे मात्र शांत आहेत. त्यातले काहीजण ते 'शॉर्ट ग्रंटिंग फ्रेझेस' एकमेकांना टाकतात, आणि अचेबे इथे कापतो. कॉनरॅडचं वाक्य मात्र पुढे चालू राहतं, की त्या तुकड्यांनी त्यांच्यापुरता प्रश्न त्यांच्या समाधानाने मिटलेला दिसला. म्हणजे चार शब्दांत विचारविनिमय झाला, निर्णय झाला, सगळे शांत. बोटीवर त्या क्षणी नीट चर्चा करून ठरवू शकणारी माणसं असतील तर तीच!

इथे ती म्हणाली, "मॅडम, एक सांगू का, हॉस्टेलला मी आईशी फोनवर अहिराणीत बोलते ना, तर रूममेट म्हणते, काय कलकल चालू असते तुमची. तिला कळत नाही म्हणून तिला ते कलकल वाटतं." मी खुर्चीत सरळ होऊन बसले. हाच तो मुद्दा होता. कलकलाट ही बोलणाऱ्याची गोष्ट आहे की ऐकणाऱ्याची?

अर्थात हॉस्टेलचा अनुभव निबंधात पुरावा म्हणून चालत नाही, त्याने फक्त कुठे बघायचं ते कळलं. मग प्रश्न घेऊन ती परत कादंबरीत गेली, की मार्लोला ती भाषा येत नाही हे कादंबरी कुठे सांगते का. आणि तिला तिसऱ्या भागात ते सापडलं. कर्ट्झला बोटीवरून नेत असताना किनाऱ्यावरची एक आफ्रिकन बाई हात पुढे करून काहीतरी ओरडते, मागची गर्दी ती ओरड उचलते, आणि मार्लो त्याला 'आर्टिक्युलेटेड' म्हणतो, स्पष्ट उच्चारलेलं, भरभर, एका दमात म्हटलेलं. आणि तो कर्ट्झला विचारतो, तुला हे कळतंय का? कर्ट्झ म्हणतो, मला नाही कळणार? त्याआधी कर्ट्झच्या ठाण्यावर भेटलेला, ठिगळांचे कपडे घातलेला एक रशियन पण सांगून गेलाय की ही बाई एकदा कर्ट्झशी तासभर तावातावाने बोलत होती, आणि त्याला ती बोली येत नसल्यामुळे काय ते समजलं नाही.

म्हणजे कादंबरीत आफ्रिकन माणसं बोलतात. आपल्याला ते शब्द मिळत नाहीत, कारण गोष्ट सांगणाऱ्याला ते कळत नाहीत, आणि निदान एका जागी तो हे स्वतः प्रश्न विचारून उघड करतो.

आता मोह असा होतो की इथेच जिंकलो म्हणून थांबावं. तिने तसा पॅराग्राफ लिहूनही आणला, 'अशा रीतीने अचेबेचा दावा खोटा ठरतो'. मी तिला म्हटलं, त्या 'आर्टिक्युलेटेड'च्या वरची काही वाक्यं वाच. तिथे, त्याच प्रसंगात, मार्लो म्हणतो की ते लोक मधून मधून अशा चमत्कारिक शब्दांच्या माळा ओरडत होते ज्या माणसाच्या कुठल्याच भाषेतल्या आवाजांसारख्या नव्हत्या, आणि गर्दीची ती गुणगुण सैतानाच्या प्रार्थनेतल्या उत्तरांसारखी वाटत होती. हे तर अचेबेच्या बाजूचं वाक्य आहे आणि दणदणीत आहे. ती म्हणाली, "मग हे कशाला घालायचं, माझंच आर्ग्युमेंट मोडेल ना." मी म्हटलं, तू नाही घातलंस तर वाचणारा घालेल, आणि मग तू अचेबेला जे म्हणतेस, सोयीच्या जागी कापलं, तेच तुझ्याबद्दल म्हटलं जाईल.

आणि खरं सांगायचं तर ते वाक्य आल्यावर तिचं आर्ग्युमेंट मोडलं नाही, नेमकं झालं. एकाच प्रसंगात मार्लो आधी म्हणतो ही मानवी भाषा नाही आणि थोड्याच वेळात म्हणतो हे स्पष्ट उच्चारलेलं बोलणं आहे आणि तुला कळतंय का. मग दावा असा होतो, की कादंबरी भाषा नाकारते हे अर्धं खरं, मार्लोचा कान ती नाकारतो, आणि कादंबरी मधून मधून, फार वेळा नाही, त्या कानाचं अपुरेपण दिसू देते. अचेबे म्हणाला होता हलकी सूचनासुद्धा नाही, तिला हलक्या सूचना सापडल्या. हलक्याच, जास्त नाही.

इथे तिने आणखी एक पुरावा लावायचा प्रयत्न केला होता जो मी तिला बाजूला ठेवायला लावला, का ते सांगते कारण यात बारकावा आहे. पहिल्या भागात आत चालत जाताना मार्लोला वाटेत ओस पडलेला मुलूख लागतो आणि तो म्हणतो, समजा इंग्लंडात डील ते ग्रेव्हझेंडच्या रस्त्यावर अचानक भयानक शस्त्रं घेतलेले काळे लोक फिरायला लागले आणि आजूबाजूच्या खेडुतांना धरून ओझी वाहायला लावू लागले, तर तिथलीही शेतं-घरं अशीच ओस पडतील. केवढी मोठी उलटापालट आहे ही, आणि तिला वाटलं हीच ती दुसरी चौकट. पण अचेबे मागतोय ती चौकट मार्लोला तोलणारी, आणि हे वाक्य मार्लोचंच आहे. याने मार्लो आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त विचारी आहे एवढंच दिसतं. 'तुला कळतंय का' हा प्रश्न वेगळा पडतो कारण तिथे मार्लोला जे येत नाही ते उघडं पडतं. पुरावा जोरदार असणं आणि तो याच प्रश्नाला लागू असणं यात फरक आहे, आणि मुलं पहिल्यावर भुलतात. तो पॅराग्राफ सोडताना तिला फार वाईट वाटलं, मलाही वाटलं, छान लिहिला होता.

तिसऱ्या ड्राफ्टमधला मधला पॅराग्राफ शेवटी असा झाला, मराठीत:

'अचेबेचं हे निरीक्षण बरोबर आहे की कादंबरीत आफ्रिकन पात्रांच्या तोंडचे शब्द आपल्यापर्यंत फक्त दोनदा पोचतात, आणि त्यातली पहिली जागा त्यांच्याविरुद्धच वापरली जाते हेही बरोबर आहे. पण शब्द न पोचणं आणि भाषा नसणं या दोन गोष्टी अचेबे एकच धरतो. ज्या दोन तुकड्यांवर त्याची भिस्त आहे ते दोन्ही मूळ जागी आणखी पुढे जातात, पहिल्याला लागूनच हमाल "बोलत" असल्याचं सांगितलं जातं आणि दुसऱ्यातल्या तुटक शब्दांनी खलाशांचा प्रश्न मिटतो. मार्लो किनाऱ्यावरच्या आवाजांना अमानवी म्हणतो हे खरं, पण थोड्याच वेळात तो त्याच माणसांच्या स्पष्ट उच्चारांबद्दल कर्ट्झला विचारतो की तुला हे समजतं का, आणि या प्रश्नात त्याला स्वतःला ते समजत नसल्याची कबुली आहे. म्हणून मी अचेबेचं विधान एवढंच बदलेन, की ही कादंबरी आफ्रिकन माणसाला भाषा नाकारत नाही, ती भाषा न येणारा निवेदक निवडते आणि त्याच्या न येण्याकडे क्वचितच लक्ष वेधते.'

शेवटच्या वाक्यातल्या त्या 'क्वचितच'वर आम्ही किती वेळ घालवला असेल! आधी तिथे काहीच नव्हतं, मग 'वारंवार' आलं, ते खोटं होतं, मग 'कधी कधी', आणि मोजून बघितल्यावर 'क्वचितच'. अर्धं सहमत होण्याचं सगळं काम असल्या शब्दांत असतं. 'काही प्रमाणात सहमत' असं लिहून भागत नाही, कुठल्या प्रमाणात, कुठल्या जागी, काय सोडून, हे वाक्यात दिसायला पाहिजे. क्रियापदांचंही तसंच. पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळीकडे 'अचेबे म्हणतो' होतं. तिसऱ्यात कुठे 'दाखवतो' आहे, कुठे 'धरून चालतो' आहे, कुठे 'नोंदवतो' आहे. 'दाखवतो' लिहिलंत की तुम्ही मान्य केलंत, 'धरून चालतो' लिहिलंत की तिथे शंका घेतलीत, त्यामुळे भाषेत वैविध्य म्हणून ही क्रियापदं फिरवायची नाहीत.

आता एवढं करून अचेबेचं किती हललं? हा प्रश्न मी मुद्दाम विचारला, कारण वाद घालणाऱ्या निबंधात शेवटी नेहमी फुगवटा येतो. आम्ही कागदावरच्या त्या तीन पायऱ्यांकडे परत गेलो. पुरावा, त्यातल्या दोन कोटांच्या कापण्याबद्दल तिने शंका घेतली, दोन जागांबद्दल नाही. अनुमान, ते तिने दुरुस्त केलं. आणि मोठा निष्कर्ष? माणूसपण नाकारल्याचा? तो जवळजवळ जागच्या जागी आहे. कारण अचेबेचा खरा प्रश्न, की एका युरोपियन मनाच्या पडझडीसाठी अख्ख्या खंडाला पडदा का करायचं, त्याला हमाल बोलत होते की ओरडत होते याने उत्तर मिळत नाही. उलट तिच्या शोधाने एक जास्तीचा प्रश्न उभा राहतो, की ही माणसं बोलतात हे कॉनरॅडला दिसत होतं तर त्याने भाषा येणारा निवेदक का नाही घेतला. रशियन तिथे राहतो आणि त्यालाही ती बोली येत नाही, कर्ट्झला येते आणि तो सांगत नाही. एकाही गोऱ्या पात्राने भाषांतर केलेलं एकही वाक्य पुस्तकात नाही.

इथे सईद तिच्या कामाला आला, आणि आता तो सजावट म्हणून आला नाही. सईदचं म्हणणं असं की कॉनरॅडला साम्राज्य म्हणजे उघड लूट आणि जमीन बळकावणं आहे हे दिसत होतं, पण म्हणून ते संपायला हवं आणि तिथल्या लोकांनी स्वतःचं आयुष्य स्वतः जगायला हवं, एवढं पुढे त्याला जाता आलं नाही. तिने लिहिलं की भाषेच्या बाबतीतही हेच घडतं, मार्लोला ऐकू येतं की ते बोलत आहेत, पण ते काय बोलत आहेत हे जाणून घ्यावं असं त्याला एकदाच वाटतं, आणि तेही तो त्या माणसांना न विचारता कर्ट्झला विचारतो. सईदच्या मोठ्या विधानाला तिने एक लहानसा, तपासता येईल असा पुरावा जोडून दिला. याला सहमत होणं म्हणतात, नुसतं 'सईदही असेच म्हणतो' लिहिण्याने सईदला काही मिळत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही.

वॉट्स मात्र तिसऱ्या ड्राफ्टमध्ये एका वाक्यापुरता उरला. तिला वाईट वाटत होतं, पूर्ण लेख वाचला होता बिचारीने. पण त्याचा भर कादंबरीच्या साम्राज्यविरोधी बाजूवर आहे, आणि तिचा वाद आता त्यावर नव्हताच. वाचलेलं सगळं निबंधात दिसलं पाहिजे असं काही नाही.

जमा करायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. ते अमानवी आवाजांचं वाक्य, तिच्या विरुद्ध जाणारं, तिने तिसऱ्या ड्राफ्टमध्ये मुख्य पॅराग्राफात अर्ध्या ओळीत उरकलं होतं आणि बाकीचं फूटनोटमध्ये ढकललं होतं. म्हणाली, "मॅडम, ते खाली टाकलंय ना, मला झोप येत नाहीये, लपवल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं मग वर आण. तिने ते पूर्ण वाक्य कोट करून वर आणलं, आपल्या 'आर्टिक्युलेटेड'च्या बरोबर आधी, पुस्तकात ज्या क्रमाने येतं त्याच क्रमाने, आणि जागा होण्यासाठी प्रस्तावनेतला कॉनरॅडच्या चरित्राचा अख्खा पॅराग्राफ काढून टाकला.